मणक्यातली ‘गॅप’ आणि रिपोर्टमधली वाक्यं

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एक ताई माझ्या ओपीडीत आल्या. वय ४८, अंगणवाडी सेविका. खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी एमआरआयचं मोठं पाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, “डॉक्टर, माझ्या मणक्यात गॅप आहे. दोन ठिकाणी. एका ठिकाणी नसपण दबलीय.”

“दुखतं कुठे?” मी विचारलं.

त्यांनी पाकिटाकडे बोट दाखवलं. “त्यात सगळं लिहिलंय.”

त्यात काय लिहिलं होतं ते पुढे सांगतो. त्या कागदाने आठ महिन्यांत काय केलं होतं ते आधी सांगायला हवं. रिपोर्ट हातात आल्या दिवसापासून ताईंनी जमिनीवर बसणं सोडलं होतं. अंगणवाडीत मुलांसोबत सतरंजीवर बसणं हेच ज्यांचं काम, त्या खुर्चीवर बसून शिकवत होत्या. कळशी उचलत नव्हत्या, दीड वर्षाच्या नातवाला कडेवर घेत नव्हत्या. झोपेची वेळ सोडली तर कमरेचा पट्टा कायम बांधलेला असे. शेजारच्या कुणीतरी सांगितलं होतं की नस अशीच दबत राहिली तर लकवा होतो. ती भीती त्यांच्या चालण्यातसुद्धा दिसत होती. पाण्याने काठोकाठ भरलेलं भांडं नेताना चालावं तशा त्या चालत होत्या.

मूळ दुखणं तसं जुनं आणि साधं होतं. वर्षातून एक-दोनदा कमरेत उसण भरायची, चार-सहा दिवसांत जायची. त्या वेळी मात्र ती तीन आठवडे राहिली, म्हणून एमआरआय झाला.

रिपोर्टचा शेवटचा भाग, ज्याला इम्प्रेशन म्हणतात, तो असा होता: एल ३-४ आणि एल ४-५ डिस्क डेसिकेशन. एल ४-५ ला डिफ्यूज डिस्क बल्ज, थिकल सॅकवर इंडेंटेशन, दोन्ही बाजूंना माइल्ड फोरामिनल नॅरोइंग. एल ५-एस १ ला लेफ्ट पॅरासेंट्रल डिस्क प्रोट्रूजन, अबटिंग लेफ्ट एस १ नर्व्ह रूट. लंबर स्पॉन्डिलोसिस. आणि सगळ्यात खाली एक छोटी ओळ: सजेस्ट क्लिनिकल कोरिलेशन.

चाळिशी ओलांडलेल्या कुणाच्याही कमरेचा एमआरआय काढला तर यातली दोन-तीन वाक्यं त्यात निघण्याची शक्यता बरीच मोठी असते. म्हणून ती एकेक करून समजून घेऊ.

सुरुवात ‘गॅप’पासून करावी लागेल, कारण हा शब्द रिपोर्टमध्ये नव्हताच. तो आपल्याकडे दवाखान्यांत आणि घराघरांत रुळलेला शब्द आहे. “मणक्यात गॅप पडली” म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भिंतीला तडा जावा तसं काहीतरी उभं राहतं. खरं तर दोन मणक्यांमध्ये जागा प्रत्येकाच्या पाठीत असते, कारण तिथे डिस्क असते. एक्स-रेमध्ये हाड पांढरं दिसतं आणि डिस्क दिसतच नाही, म्हणून ती जागा रिकामी वाटते. वयाप्रमाणे डिस्कची उंची कमी होते, ती जागा अरुंद होते आणि रिपोर्टमध्ये ‘रिड्यूस्ड डिस्क स्पेस’ असं येतं. म्हणजे रिपोर्ट म्हणतो जागा कमी झाली आणि आपण म्हणतो गॅप पडली. अर्थ नेमका उलटा होतो, आणि त्यातून आपला मणका सुटा झालाय असा समज मनात कायमचा बसतो.

‘गादी सरकली’ हा शब्दही असाच फसवा आहे. गादी म्हटलं की खाटेवरून सरकू शकणारी वस्तू आठवते. डिस्क तशी नसते. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटून वाढलेली असते. तिच्या बाहेरच्या बाजूला तंतूंचे एकावर एक चढलेले चिवट थर असतात आणि मध्ये पाण्याने भरलेला मऊ गर असतो. दिवसभर उभं राहून या गरातलं थोडं पाणी बाहेर दाबलं जातं आणि रात्री झोपल्यावर परत शोषलं जातं. सकाळी आपण रात्रीपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो, ते यामुळेच. वय वाढतं तसं गराची पाणी धरून ठेवण्याची ताकद कमी होते. एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात पाणी पांढरं दिसतं, त्यामुळे कमी पाण्याची डिस्क काळपट दिसते. डेसिकेशन म्हणजे एवढंच, पाणी कमी झालेली डिस्क. केस पांढरे होतात त्याच रांगेतली ही गोष्ट आहे.

आता बल्ज, प्रोट्रूजन आणि एक्स्ट्रूजन. हे तिन्ही शब्द लोक एकाच अर्थाने घेतात आणि घोळ इथेच होतो. मी रुग्णांना पुरणपोळीचं उदाहरण देतो. पुरण भरलेला उंडा लाटताना त्याची कड सगळीकडून थोडी बाहेर येते, पारी शाबूत असते. हा डिफ्यूज बल्ज. लाटताना एका बाजूला जोर जास्त पडला आणि तिथे पुरणाचा फुगवटा आला, पारी ताणली पण फुटली नाही, तर ते प्रोट्रूजन. पारी फुटून पुरण बाहेर आलं की एक्स्ट्रूजन, आणि बाहेर आलेला तुकडा सुटून वेगळा पडला तर त्याला सिक्वेस्ट्रेशन म्हणतात. रेडिऑलॉजीतल्या व्याख्या याहून काटेकोर आहेत, पण रिपोर्ट वाचायला एवढं चित्र पुरतं.

या शब्दांचं वजन सारखं नाही. अमेरिकेतल्या मॉरीन जेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना पाठदुखी नव्हती अशा ९८ जणांचा त्यांनी कमरेचा एमआरआय काढला. त्यातल्या ५२ टक्के लोकांत निदान एका ठिकाणी बल्ज निघाला. २७ टक्क्यांत प्रोट्रूजन निघालं. एक्स्ट्रूजन मात्र एक टक्का लोकांतच होतं. म्हणजे बल्ज हा न दुखणाऱ्या निम्म्या पाठींत सापडणारा शब्द आहे, तर एक्स्ट्रूजन हा दुखत नसताना क्वचितच भेटणारा. पुढे २०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांतली तीन हजारांवर माणसं एकत्र धरून वयाप्रमाणे हिशोब मांडला गेला. पाठ न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांपैकी ३० टक्क्यांना बल्ज होता, पन्नाशीतल्यांपैकी ६० टक्क्यांना आणि ऐंशीतल्यांपैकी ८४ टक्क्यांना. डिस्कची झीज पन्नाशीत ८० टक्के लोकांत होती, आणि त्यांतल्या कुणाचीही पाठ दुखत नव्हती.

यावरून ‘मग एमआरआयला काही अर्थच नाही’ असं म्हणणंही चूक ठरेल. पन्नाशीच्या आतल्या लोकांत, पाठ दुखणारे आणि न दुखणारे असे दोन गट शेजारी ठेवले, तर दुखणाऱ्यांच्या गटात हे बदल जास्त सापडतात. तेव्हा संबंध आहे. पण गटाला लागू पडणारी गोष्ट समोर बसलेल्या एका माणसाला लागू पडेल की नाही, हे चित्रावरून कळत नाही. ते कळायला त्या माणसालाच तपासावं लागतं. रिपोर्टच्या शेवटची छोटी ओळ हेच सांगत असते. चित्र काढणाऱ्या डॉक्टरांनी रुग्णाला पाहिलेलं नसतं. ते तपासणाऱ्या डॉक्टरांना सांगतात, मला हे दिसलं, ते दुखण्याशी जुळतं का ते तुम्ही पाहा.

जुळवायचं कसं? कमरेच्या दुखण्यात याला बऱ्यापैकी नेमकी रीत आहे, कारण प्रत्येक नसेचा पायातला इलाका ठरलेला असतो. पाचवी लंबर नस, म्हणजे एल ५, मांडी आणि पिंढरीच्या बाहेरच्या बाजूने येऊन पावलाच्या वरच्या भागात आणि अंगठ्यापाशी पोचते; ती आजारी असेल तर अंगठा वर उचलण्याचा जोर कमी होतो. पहिली सेक्रल नस, एस १, पिंढरीच्या मागून टाचेकडे, तळव्याच्या बाहेरच्या कडेला आणि करंगळीकडे जाते. ती दुखावली तर त्या पायाच्या चवड्यावर उभं राहणं जड जातं आणि घोट्यामागे हातोडी मारल्यावर पाऊल उडतं तेवढं उडत नाही. खरोखर दबलेली किंवा चिडलेली नस गुडघ्याच्या खालपर्यंत कळ पाठवते, मुंग्या आणते, आणि खोकला-शिंक आली की ती कळ पायातून सणकत जाते. रुग्णाला उताणं झोपवून पाय सरळ ठेवून वर उचलला की ती पायातली कळ जागी होते.

ताईंना मी हे सगळं करायला लावलं. त्यांचं दुखणं पट्ट्याच्या रेषेत, मध्यभागी आणि थोडं उजव्या कुल्ल्याकडे होतं. सकाळी उठताना आणि बराच वेळ एका जागी बसल्यावर ते वाढत असे. गुडघ्याखाली काहीही नव्हतं. त्यांचा डावा पाय मी ८० अंशांपर्यंत उचलला, मांडीच्या मागे ताण आला, कळ नाही. त्या डाव्या चवड्यावर दहा वेळा उचकल्या, उजव्यावर दहा वेळा, दोन्ही सारखेच. घोट्यामागचा झटका दोन्हीकडे सारखा. तळव्याला कापूस लावला, तो दोन्हीकडे सारखा समजत होता.

आता रिपोर्टकडे परत या. प्रोट्रूजन डाव्या बाजूला होतं आणि डाव्या एस १ नसेला टेकत होतं. ताईंचं दुखणं उजवीकडे कललेलं, पायात न उतरणारं, आणि डावी एस १ नस तपासणीत ठणठणीत. म्हणजे आठ महिने ज्या ‘दबलेल्या नसे’ने त्यांना खुर्चीवर बसवून ठेवलं होतं, तिचा त्यांच्या दुखण्याशी संबंध नव्हता. ‘अबटिंग’ म्हणजे दाबणं नव्हेच. नसेबाबत रिपोर्टमध्ये पायऱ्या असतात: टेकणं, बाजूला ढकलणं आणि चेपणं. मराठीत सांगताना या तिन्हींचं ‘नस दबली’ होतं. थिकल सॅकवर इंडेंटेशन हेही तसंच. ती सॅक म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी, तिच्यात नसा मोकळ्या तरंगत असतात. बाहेरून पिशवीला छोटा खळगा पडला तरी आतल्या नसांना बहुतेक वेळा त्याचा पत्ता नसतो. आणि मुख्य मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या लंबर मणक्यापाशीच संपतो. त्यामुळे एल ४-५ च्या बल्जने ‘मज्जारज्जू दबलाय’ असं कुणी सांगितलं तर ते शरीररचनेतच बसत नाही.

याच महिन्यात एक ३४ वर्षांचा टेम्पोचालक आला. त्याच्या रिपोर्टमध्येही एल ५-एस १ ला डाव्या बाजूची डिस्क होती, पण शब्द वेगळे होते: एक्स्ट्रूजन, आणि एस १ रूटचं कॉम्प्रेशन. तो आत आला तेच डाव्या पायावर भार न देता. “कमरेचं काही नाही साहेब, पाय फाटतोय,” हे त्याचं पहिलं वाक्य. बोटाने त्याने रेषा काढून दाखवली, कुल्ल्यापासून पिंढरीच्या मागून थेट करंगळीपर्यंत. पाय ३० अंश उचलताच तो ओरडला. डाव्या चवड्यावर उभा राहताना टाच जेमतेम उचलली जात होती, आणि घोट्यामागचा झटका नव्हता. इथे रिपोर्ट, बाजू, नस आणि पाय, चारही एकाच ठिकाणी बोट ठेवत होते. या माणसाचा रिपोर्ट त्याचं दुखणं सांगत होता.

त्याला वाटलं होतं की पारी फुटून आतलं बाहेर आलंय म्हणजे ऑपरेशनच. पण डिस्कच्या बाबतीत उलटं वाटणारी एक गोष्ट आहे. बाहेर पडलेला गर शरीराला परका वाटतो. रक्तातल्या पेशी त्याच्यावर येतात आणि हळूहळू तो खाऊन टाकतात. त्यामुळे एक्स्ट्रूजन आणि सिक्वेस्ट्रेशन हे भीतिदायक दिसणारे प्रकार आपोआप आटण्याचं प्रमाण नुसत्या बल्जपेक्षा बरंच जास्त आहे. बल्ज वर्षानुवर्षं तसाच राहतो, कारण तिथे खाऊन टाकण्यासारखं बाहेर काही आलेलंच नसतं. टेम्पोचालकाच्या पायातला जोर दर आठवड्याला तपासत राहिलो. जोर कमी होत गेला असता किंवा कळ सहा-आठ आठवड्यांनंतरही तशीच असती तर त्याला सर्जनकडे पाठवलं असतं. तशा वेळी ऑपरेशनने पायाची कळ लवकर जाते. त्याला तशी गरज पडली नाही. पाचव्या आठवड्यात कळ पिंढरीतून वर सरकली, तिसऱ्या महिन्यात तो गाडीवर होता. करंगळीची थोडी बधिरता अजून आहे.

स्पॉन्डिलोसिस या शब्दावर थोडं थांबायला हवं, कारण आपल्याकडे त्याचा उच्चार बहुधा ‘स्पॉन्डिलायटिस’ असा होतो आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्पॉन्डिलोसिस म्हणजे मणक्याची वयोमानाची झीज. डिस्कची उंची कमी झाली की मणक्याच्या कडेला हाडाच्या छोट्या कंगोऱ्या येतात. लोक म्हणतात ‘हाड वाढलंय’. पन्नाशीनंतरच्या एक्स-रेत त्या नसतील तरच नवल. अँकिलॉझिंग स्पॉन्डिलायटिस हा मात्र संधिवाताच्या घराण्यातला आजार आहे. तो बहुधा पस्तिशीच्या आत सुरू होतो, रात्रीच्या उत्तरार्धात दुखण्याने जाग येते, सकाळी कंबर अर्धा तास किंवा त्याहून जास्त आखडलेली असते, आणि हालचाल केली की बरं वाटतं, पडून राहिलं की वाढतं. त्याची औषधं वेगळी आहेत आणि ती वेळेवर सुरू व्हावी लागतात. पंचविशीतल्या मुलाने ही लक्षणं सांगितली आणि त्याला ‘स्पॉन्डिलोसिस आहे, पट्टा बांध’ असं सांगून घरी पाठवलं, तर वर्षं वाया जातात. अशी मुलं मी पाहिली आहेत.

राहिलं नॅरोइंग. हा शब्द रिपोर्टमध्ये तीन जागी येतो. डिस्कची जागा अरुंद, ते वर सांगितलं. फोरामिनल नॅरोइंग म्हणजे नस बाहेर पडण्याची खिडकी अरुंद. त्याच्या आधी ‘माइल्ड’ असेल आणि त्या नसेच्या इलाक्यात काही होत नसेल तर ते वाचून पुढे जावं. तिसरं, मधली नळी अरुंद होणं, कॅनाल स्टेनोसिस. हे महत्त्वाचं, आणि ओळखायला सोपं. साठीपुढचा माणूस सांगतो की घरातून देवळापर्यंत चाललो की दोन्ही पाय जड होतात, भरून येतात, ओट्यावर जरा टेकलो की पाच मिनिटांत मोकळे. पुन्हा तेवढंच चालणं, पुन्हा बसणं. सायकल चालवताना काही होत नाही, कारण पुढे वाकल्यावर नळी थोडी मोकळी होते. उभं राहून पाय जड आणि वाकून मोकळे, ही कथा आणि रिपोर्टमधलं स्टेनोसिस जुळलं की निदान पक्कं. पायाच्या रक्तवाहिन्या आकसल्या तरी चालताना पिंढऱ्या दुखतात, पण ते दुखणं नुसतं उभं राहूनही थांबतं, बसावं लागत नाही. हा फरक विचारून घ्यावा लागतो, आणि पावलाच्या नाडीवर बोट ठेवून पाहावी लागते. चालण्याची अशी कथाच नसेल, तर रिपोर्टमध्ये ‘सिव्हिअर’ लिहिलेलं असलं तरी घाई करू नये. जपानमध्ये वाकायामा इथे गावकऱ्यांची पाहणी झाली तेव्हा चित्रात मोठं स्टेनोसिस असलेल्यांपैकी बहुसंख्यांना त्याची लक्षणंच नव्हती.

रिपोर्ट हा मोजपट्टीसारखा ठाम असतो असं आपण मानतो, त्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. २०१७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबर आणि उजव्या पायाच्या दुखण्याच्या एका ६३ वर्षांच्या बाईंचा तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या केंद्रांत एमआरआय काढला. पाठ तीच, दुखणं तेच. दहा रिपोर्टांत मिळून ४९ वेगवेगळे दोष नोंदले गेले. दहाही रिपोर्टांत आलेला असा एकही दोष नव्हता. यात कुणाचा हलगर्जीपणा होता असं नाही. ‘माइल्ड’ कुठे संपतं आणि ‘मॉडरेट’ कुठे सुरू होतं हे शेवटी पाहणाऱ्याच्या नजरेवर असतं. दोन वर्षांच्या अंतराने काढलेल्या दोन रिपोर्टांत शब्द बदलले म्हणून आजार वाढला असं धरू नये, हे त्यातून शिकायचं.

आणि शब्द स्वतःही काम करतात. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये डॉ. राजशेखरन आणि सहकाऱ्यांनी हे नीट तपासलं आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. पाठदुखीच्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला एमआरआयमध्ये काय काय निघालं ते जसंच्या तसं समजावलं. दुसऱ्या गटाला सांगितलं की एमआरआय ठीक आहे, वयाप्रमाणे होणारे बदल आहेत. सहा आठवड्यांनी पाहिलं, तर पहिल्या गटाला आपली पाठ जास्त बिघडलेली वाटत होती, त्यांचं दुखणं कमी उतरलं होतं आणि कामकाजही कमी सुधारलं होतं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मीही “तुमचा चौथा-पाचवा मणका झिजलाय” असं सहज म्हणत असे. तेव्हा ते मला नुसतं वर्णन वाटायचं. आता वाटतं, त्या वाक्याने मी कितीतरी लोकांना आयुष्यभर वाकायला घाबरवलं असेल.

काही शब्दांना मात्र वयाचे बदल म्हणून सोडायचं नसतं. फ्रॅक्चर किंवा कोलॅप्स, मणक्याशेजारी कलेक्शन किंवा ॲब्सेस, एंड प्लेटची मोडतोड, मॅरोमधला संशयास्पद लेजन, यांतलं काही असेल तर डॉक्टरांना लगेच भेटायचं. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजूनही भेटतो. तो बऱ्याचदा अशा शब्दांत येतो, आणि बरोबर संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री पडल्या पडल्याही न थांबणारं दुखणं असतं. आधी कॅन्सर होऊन गेलेल्यांची नवी पाठदुखी, किंवा साठीनंतर साध्या पडण्याने सुरू झालेलं तीव्र दुखणं, यांतही चित्र लवकर काढावं. आणि एक प्रसंग असा की जिथे रिपोर्टची वाट पाहत घरी थांबायचंच नाही: लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला, सायकलच्या सीटला टेकणारा भाग बधिर झाला. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. तिथे उशीर झाला तर लघवीवरचा ताबा परत येत नाही. यांतलं काहीच नसेल तर पहिल्या सहा आठवड्यांत कमरेच्या दुखण्याला एमआरआय लागत नाही, कारण बहुतेक उसण तोवर उतरलेली असते.

ताईंकडे परत येतो. त्यांना मी त्यांचा रिपोर्ट ओळीओळीने वाचून दाखवला, वर लिहिलाय तसाच. मग म्हटलं, “ताई, ही तुमच्या वयाची पाठ आहे. दुखतेय ती स्नायू आणि सांध्यांच्या आखडण्याने, आणि आठ महिने ती वापरली नाही त्याने आणखी.” पट्टा एका दिवसात सुटला नाही. पहिल्या आठवड्यात तो फक्त बाहेर जाताना, दुसऱ्यात फक्त बसमध्ये, तिसऱ्यात कपाटात. चालणं दहा मिनिटांपासून सुरू करून दर चार दिवसांनी दोन मिनिटं वाढवलं. वाकणं आम्ही ओपीडीतच सुरू केलं, टेबलावरची रिकामी बादली उचलून, मग खुर्चीवरची, मग जमिनीवरची, मग अर्धी भरलेली. जमिनीवरच्या बादलीला हात लावताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. उचलली, आणि काही झालं नाही.

तीन महिन्यांनी त्या सतरंजीवर बसून शिकवू लागल्या. कंबर अजूनही कधी कधी धरते, पावसाळ्यात एकदा उसण भरली आणि पाच दिवसांत गेली. नातू आता अडीच वर्षांचा आहे आणि कडेवर असतो. पुन्हा एमआरआय काढलेला नाही. काढला तर तीच वाक्यं येतील.

तुमच्याही घरात असं पाकीट असेल तर एवढं करा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा ते लगेच टेबलावर ठेवू नका. आधी दुखणं कुठे सुरू होतं, कुठपर्यंत जातं, कोणत्या बाजूला आहे, ते बोटाने दाखवा. चवड्यावर, टाचेवर उभं राहून दाखवा. मग रिपोर्ट पुढे करा आणि विचारा, “यातलं कोणतं वाक्य माझ्या दुखण्याशी जुळतं?”